बर्डीचा काळा दगड आणि हिमालयात नसलेला ज्वालामुखी

आजचा भाग खास नववीवाल्यांसाठी आहे. भूगोलाच्या पुस्तकातला अंतर्गत हालचालींचा धडा आठवा. भूपट्ट सरकतात, एकमेकांवर आदळतात, त्यातून वली पर्वत तयार होतात, ज्वालामुखी तयार होतात, असं आपण वाचतो आणि परीक्षेत तसंच लिहूनही येतो. पण मागच्या भागाखाली एका मुलीनं एक प्रश्न लिहिला होता: "सर, भूपट्ट आदळले की ज्वालामुखी होतात, तर मग हिमालयात एकही ज्वालामुखी का नाही? आणि आपलं नागपूर भूपट्टाच्या मधोमध आहे, तरी इथे लाव्हाचा दगड कसा?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण धड्यातलं सोपं समीकरण त्यानं मोडतं. हिमालय भूपट्टाच्या सीमेवर आहे, तिथे ज्वालामुखी नाही. नागपूर सीमेपासून हजारभर किलोमीटर आत आहे, आणि इथे सगळीकडे लाव्हारसाचा दगड पडलाय. आणि गंमत म्हणजे दोन्ही जागा एकाच भारतीय भूपट्टाच्या गोष्टीतल्या आहेत. आज तीच गोष्ट सांगतो. हेडफोन लावा, आणि शक्य असेल तर ॲटलास जवळ ठेवा.

सुरुवात एका गैरसमजापासून. आपल्याला वाटतं, आपल्या पायाखाली तीसचाळीस किलोमीटरवर लाव्हारसाचा समुद्र उकळतोय आणि त्यावर भूपट्ट होड्यांसारखे तरंगतायत. तसं नाही. भूकवचाखालचं प्रावरण हे जवळजवळ सगळं घन आहे, खडकच आहे. हे कसं कळलं? भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, हे तुम्ही शिकलात. त्या लहरी प्रावरणातून आरपार जातात. म्हणजे तिथे द्रव नाही. पण हा घन खडक इतका तापलेला आहे की लाखो वर्षांच्या हिशोबात तो वाहतो, वर्षाला काही सेंटीमीटर. डांबराचा गोळा हातोडीनं मारला तर फुटतो आणि तसाच ठेवला तर हळूहळू पसरतो ना, साधारण तसं समजा.

मग खरा प्रश्न हा, की घन प्रावरणातून द्रव शिलारस येतो कुठून? उष्णता तर तिथे आधीपासूनच आहे. शंभर किलोमीटर खोलीवर तापमान १३०० अंशांच्या आसपास जातं. एवढ्या तापमानाला हा खडक जमिनीवर आणून ठेवला तर तो वितळायला लागेल. खाली तो वितळत नाही, कारण त्याच्यावर शंभर किलोमीटर दगडाचा दाब आहे.

घरातला प्रेशर कुकर आठवा. आतलं पाणी १२० अंशांपर्यंत जातं, तरी शिटी होईपर्यंत खळखळून उकळत नाही, कारण दाब त्याला धरून ठेवतो. दाब एकदम कमी झाला की तेच पाणी, आणखी एक अंशही न तापवता, उसळून उकळतं. (म्हणूनच आई वाफ जायच्या आधी झाकण उघडू देत नाही, आणि तुम्हीही उघडू नका.) प्रावरणाचं तसंच आहे. खालचा तप्त खडक वर सरकला की त्याच्यावरचा दाब घटतो, आणि तो थोडासा वितळतो. वितळण्याचा हा झाला पहिला मार्ग.

दुसरा मार्ग कुल्फीवाल्याकडे बघा. कुल्फीच्या माठात तो बर्फावर जाडं मीठ टाकतो. मीठ मिसळलं की बर्फ शून्य अंशाच्या खालीच वितळायला लागतो. म्हणजे तापमान वाढवलं नाही, दाब कमी केला नाही, फक्त एक परका पदार्थ आत घातला आणि वितळण्याचा अंशच खाली आला. खडकाच्या बाबतीत मिठाचं काम पाणी करतं. तप्त प्रावरणात पाणी शिरलं की ते कमी तापमानाला वितळतं.

कुकर आणि कुल्फी, हे दोन शब्द लक्षात ठेवा. कुठलाही ज्वालामुखी दिसला की विचारायचं, हा कुकरवाला की कुल्फीवाला?

आता बर्डीवर येऊ. सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला आहे, १८१७ ची लढाई तिथे झाली, हे आपल्याला माहीत असतं. टेकडी कशाची आहे, हे कोणी सांगत नाही. ती बेसाल्टची आहे. सेमिनरी हिल्सकडे फिरायला गेलात तर तिथेही हाच काळसर, जड दगड सापडेल. नीट बघा. काही तुकड्यांत बारीक बारीक भोकं दिसतील, काहींत ती भोकं पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतील. ते लाव्हारसातल्या वायूचे बुडबुडे आहेत, लाव्हा थिजला तेव्हा तसेच अडकून राहिले. सोड्याचा बर्फ केल्यासारखं.

मात्र बर्डीची टेकडी हा स्वतः ज्वालामुखी नाही, वर कुठे मुख शोधत बसू नका. हा लाव्हारस जमिनीच्या लांबलचक भेगांमधून बाहेर आला आणि मैदानावर पुरासारखा पसरला. धड्यात ज्याला भेगीय ज्वालामुखी म्हणतात, तोच प्रकार. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पश्चिमेकडे, सह्याद्रीत, या थरांची जाडी दोन किलोमीटरपेक्षा जास्त भरते. आपलं नागपूर या लाव्हाच्या पूर्वेच्या काठावर येतं. इथे थर पातळ झालेत, आणि शहराच्या पूर्वेला गेलात की बेसाल्ट संपून त्याच्या खालचे फार जुने खडक उघडे पडतात. नंतर पावसानं आणि नाल्यांनी आजूबाजूचा थर झिजवून नेला, मधला तुकडा उरला, ती टेकडी. दख्खनचा हा सगळा बेसाल्ट आज साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. आणि ओघात सांगून टाकतो, कारण विदर्भातला प्रत्येक जण हे विचारतो: लोणारचं सरोवर याच बेसाल्टमध्ये आहे, पण ते ज्वालामुखीचं मुख नाही. तिथे आकाशातून अशनी पडला होता.

हे सगळं एका दमात झालं का? नाही, आणि याचा पुरावा बर्डीतच सापडला. स्टीफन हिस्लॉप हे नाव तुम्हाला कॉलेजमुळे माहीत आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला आणि मोकळ्या वेळात दगड गोळा करत हिंडायचा. त्यानं आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यानं सीताबर्डी आणि टाकळी इथे एक विचित्र गोष्ट पाहिली. खाली बेसाल्ट, वर बेसाल्ट, आणि दोघांच्या मधे गाळाचा एक पातळ थर. त्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, टाकळीच्या थरात तर झाडांची फळं आणि बिया, सगळं दगड झालेलं. त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

आता विचार करा, याचा अर्थ काय होतो. गोगलगायी उकळत्या लाव्हात राहत नाहीत. म्हणजे खालचा थर आला, थंड झाला, त्यावर पाणी साचून तळं झालं, कडेनं झाडं आली, गोगलगायींच्या पिढ्या गेल्या, आणि मग पुढचा लाव्हा येऊन तळ्यावर पसरला. एका बोटभर गाळाच्या थरातून उद्रेकांमधली सुट्टी वाचता येते. मला विचाराल तर नागपूरनं जगाच्या भूविज्ञानाला दिलेली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे, आणि आपण तिच्याखालून रोज मेट्रोनं जातो.

आता मुख्य मुद्दा. त्या वेळी हे नागपूर आजच्या जागेवर नव्हतं. हे कोणी कसं मोजलं ते सांगतो, कारण "भूपट्ट सरकतात" हे नुसतं मान्य करण्यापेक्षा त्याचा हिशोब करून बघण्यात मजा आहे.

बेसाल्टमध्ये लोहाची बारीक खनिजं असतात. लाव्हा थंड होताना ती त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं चुंबकित होतात आणि तशीच गोठतात. प्रत्येक दगडात एक गोठलेली चुंबकसुई आहे असं समजा. आता, मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर उभी राहते, आणि मधल्या अक्षांशांवर तिरकी. म्हणजे सुईचा तिरकेपणा मोजला की दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांवर हे मोजमाप केलं, नंतर भारतातही अनेकांनी केलं.

नियम असा आहे: सुईच्या झुकण्याच्या कोनाचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती आहेच, तर करून बघू. दख्खनच्या दगडांत हा झुकाव सरासरी ४५ अंशांच्या आसपास मिळतो. टॅन ४५ म्हणजे १. त्याचा अर्धा ०.५. ज्या कोनाचा टॅन ०.५ आहे तो कोन साधारण साडेसव्वीस अंश. म्हणजे हा लाव्हा साडेसव्वीस अक्षांशावर थिजला. उत्तर की दक्षिण? सुईचं तोंड वर आहे की खाली, आणि ती कुठल्या दिशेला बघते, यावरून ते ठरतं. त्या काळी पृथ्वीचं चुंबकत्व बराच वेळ उलटं होतं, तेही हिशोबात धरावं लागतं. ते धरल्यावर उत्तर येतं: दक्षिण.

पश्चिम महाराष्ट्रातले हे दगड आज १८ अंश उत्तरेला आहेत. म्हणजे ते साडेसव्वीस अधिक अठरा, साधारण साडेचव्वेचाळीस अंश उत्तरेकडे आलेत. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. गुणाकार करा, ५००० किलोमीटरच्या जवळ जातो. त्याला ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागा. वर्षाला साडेसात सेंटीमीटर. या मोजमापात काही अंशांची चूक असू शकते, पण काही सेंटीमीटर हा अंदाज पक्का राहतो.

आता तुलना करा. आज जीपीएसनं मोजलेला भारतीय भूपट्टाचा वेग वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर आहे, आपली नखं वाढतात त्याहून थोडा जास्त. सरासरी साडेसात आणि आज पाच, म्हणजे आधी कधीतरी वेग बराच जास्त असला पाहिजे. तसंच होतं. दख्खनच्या काळात तो वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर गेला होता. मग गाडी मंदावली. कोणीतरी ब्रेक लावला. कोणी, ते थोड्या वेळानं.

आधी हे बघा की तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात नेमका कशावर होता. ॲटलासमध्ये हिंदी महासागर काढा. मादागास्करच्या पूर्वेला, २१ अंश दक्षिणेला, रेयुनियों नावाचं छोटं बेट आहे. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे, जवळजवळ दरवर्षी लाव्हा सोडतो. बहुतेक भूवैज्ञानिक मानतात की या बेटाखाली प्रावरणातून तप्त खडकाचा एक खांब वर येतोय. वर येताना दाब घटतो आणि तो वितळतो. ओळखलंत? कुकरवाला. याला तप्तस्थळ म्हणतात, आणि त्याला भूपट्टाची सीमा लागत नाही, तो पट्टाच्या मधोमधही भोक पाडू शकतो. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या खांबाच्या डोक्यावरून भारत चालला होता. खांबाचा पहिला मोठा फुगार थेट आपल्या खाली आला, आणि दख्खन लाव्हानं भरला.

खांब जवळपास जागेवर राहिला, पट्ट पुढे सरकत गेला. मेणबत्तीवरून कागद हळूहळू ओढला की जळल्याची एक रेघ उमटते, तशी रेघ समुद्राच्या तळावर उमटली. नकाशात बोट ठेवा: दख्खन, मग लक्षद्वीप, मग मालदीव, मग छागोस, मग मॉरिशस, मग रेयुनियों. या रेघेत दक्षिणेकडे जावं तसं लाव्हाचं वय कमी होत जातं. मालदीवखालचा लाव्हा साडेपाच कोटी वर्षांच्या पुढचा, मॉरिशस बेट तर एक कोटी वर्षांचंही नाही. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी कुटुंबं आहेत, एकोणिसाव्या शतकात जहाजानं गेलेली. ती मंडळी तिथे ज्या बेसाल्टवर राहतात, तो आणि सह्याद्रीचा बेसाल्ट एकाच भट्टीतला आहे.

काही शास्त्रज्ञांना खांबाची ही कल्पना पूर्ण पटत नाही, विशेषतः तो किती खोलवरून येतो याबद्दल वाद आहे. पण वयाची ही उतरती रांग त्यांनाही समजावून सांगावी लागते.

आता ब्रेक. भारत उत्तरेकडे येत होता तेव्हा त्याच्या आणि आशियाच्या मधे टेथिस समुद्र होता. त्या समुद्राचा तळ भारताच्याच भूपट्टाचा भाग होता. सागरी कवच बेसाल्टचं असतं, जड असतं. ते आशियाच्या कडेखाली वाकून खाली जाऊ लागलं. जाताना एकटं गेलं नाही. समुद्रतळाच्या खडकांत आणि चिखलात मुरलेलं पाणी घेऊन गेलं. शंभरेक किलोमीटर खोलीवर दाबानं आणि उष्णतेनं ते पाणी पिळून बाहेर आलं आणि वरच्या तप्त प्रावरणात शिरलं. म्हणजे बर्फावर मीठ पडलं. कुल्फीवाला मार्ग! शिलारस तयार झाला, आणि आशियाच्या दक्षिण कडेला ज्वालामुखींची रांग उभी राहिली.

हो, हिमालयाच्या उत्तरेला ज्वालामुखी होते. आज त्यांची मुळं शिल्लक आहेत. लडाखला गेलेल्या कोणाचे फोटो असतील तर बघा. लेहच्या मागचे फिकट रंगाचे ग्रॅनाइटचे डोंगर म्हणजे त्या ज्वालामुखींच्या खाली खोलवर थिजलेला शिलारस. वरचे ज्वालामुखी बरेचसे झिजून गेले, तळघर उघडं पडलं.

मग साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा तळ संपला आणि त्यामागून भारताचा भूखंड येऊन आशियाला भिडला. इथे सगळं बदललं. भूखंडाचं कवच हलकं असतं, ते प्रावरणात बुडायला तयार नसतं. लाकडाची फळी पाण्यात दाबून बघा, तशी गोष्ट. खाली जाता येत नाही, मागून ढकलणं थांबत नाही, मग कवच घड्या घालतं, तुटतं, तुटलेले तुकडे एकमेकांवर चढतात. टेथिसच्या तळावरचा गाळ तर आधीच दोघांच्या चिमट्यात होता, तो वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात तयार झालेला आहे. आणि तुमच्या आजीच्या देवघरात गंडकी नदीतला शाळिग्राम असेल, तर त्यातल्या चक्राकडे नीट बघा. ते अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. टेथिस समुद्र कुठे गेला असं कोणी विचारलं, तर थोडासा देवघरात आहे, असं सांगायला हरकत नाही.

भूखंड भूखंडाला भिडला म्हणून भारताचा वेग घसरला. हाच तो ब्रेक. तिबेटखाली कवचाची जाडी दुप्पट होऊन सत्तर किलोमीटरच्या घरात गेली. आणि ज्वालामुखी थांबले, कारण पाणी घेऊन खाली जाणारा समुद्रतळच उरला नाही. कुल्फीवाल्याचं मीठ संपलं. कुकरवाला मार्गही बंद, कारण इथे प्रावरण वर येत नाही, उलट वरचं ओझं वाढतंय. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे. टक्कर झाली की ज्वालामुखी होतोच असं नाही. काय खाली जातंय, आणि सोबत पाणी आहे का, यावर ते ठरतं.

याचीच उलट तपासणी आपल्याच देशात करता येते. हाच भारतीय भूपट्ट पूर्वेला अंदमानजवळ खाली जातो, पण तिथे जाणारा भाग अजून सागरी आहे, ओला आहे. मग तिथे ज्वालामुखी असायला हवा. आहे. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. जवळजवळ दीडशे वर्षं तो शांत होता, १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि अधूनमधून राख आणि लाव्हा सोडतोच आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक वर्गात मागच्या बाकावरून येतो: मग नागपुरात पुन्हा लाव्हा येईल का? बर्डीखाली हात घालून शिलारस मिळेल का? नाही. ती भट्टी आपण सोबत आणली नाही. ती तिकडे रेयुनियोंखाली राहिली, आणि आपण दरवर्षी पाच सेंटीमीटर आणखी लांब जातोय.

पुढच्या भागात भूकंपाच्या लहरी घेऊ, प्रश्न खाली लिहून ठेवा. भेटू.